क्रिस्प, फ्लुइड, स्ट्रक्चर्ड: कापडाचं वर्णन लिहिताना कोणता शब्द कधी

भंडारा-मोहाडीकडचं तसर, वर्ध्याची खादी, बचत गटांनी शिवलेले कुर्ते आणि जॅकेटं आता फोनवरून विकली जातात. गिऱ्हाईक पुण्यात किंवा बंगळुरात असतं, कापडाला हात लावू शकत नाही. फोटोवरून त्याला रंग आणि नक्षी कळते. अंगावर घातल्यावर कापड कसं वागेल, हे मात्र फोटोखालच्या चार ओळींतून कळायचं असतं. त्या ओळींत फॅशनच्या लिखाणातले तीन शब्द सर्रास येतात: क्रिस्प, फ्लुइड आणि स्ट्रक्चर्ड. बहुतेक वेळा ते कानाला बरे वाटतात म्हणून घातलेले असतात आणि मग पार्सल परत येतं. “फ्लुइड” वाचून मागवलेली साडी नेसली, की गिऱ्हाइकाचा मेसेज येतो, “ताई, ही तर पुढून फुगून राहिली.”

साडी खराब नसते, शब्द चुकलेला असतो. यातला प्रत्येक शब्द गिऱ्हाइकाला एक ठरावीक गोष्ट सांगतो आणि ती गोष्ट तपासता येते. म्हणून लिहायला बसण्याआधी कापड तपासायचं. त्यासाठी शाळेच्या कंपासपेटीतला गुण्या पुरतो.

आधी कापड मोजा

कापड किती ताठ आहे, हे कापड-प्रयोगशाळांत एका साध्या तत्त्वावर मोजतात. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर हळूहळू सरकवायची आणि ती स्वतःच्या वजनाने ठरलेल्या कोनापर्यंत वाकली, की किती लांबी बाहेर आली ते पाहायचं. प्रयोगशाळेत हा कोन 41.5 अंशांचा असतो. घरी 45 अंशांचा गुण्या चालतो, कारण आपल्याला प्रमाणपत्र नको आहे, दोन कापडांतला फरक हवा आहे.

अडीच सेंटीमीटर रुंद आणि वीस सेंटीमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा, एक उभ्या धाग्याच्या दिशेने आणि एक आडव्या. साडी कापायची नाही. तिच्याच कापडाचा ब्लाउजपीस किंवा मागावरचा उरलेला तुकडा घ्या. पट्ट्यांवर कोरडी इस्त्री फिरवा आणि तासभर उघड्यावर राहू द्या. इस्त्रीच्या उबेत कापड वेगळं वागतं, त्यामुळे ही घाई नडते.

आता गुण्याचा काटकोन खाली आणि 45 अंशांचं टोक वर, टेबलाच्या कडेला टेकेल असा धरा. त्याची तिरकी बाजू कडेपासून खाली, बाहेरच्या दिशेने उतरली पाहिजे. पट्टी टेबलावर सपाट ठेवा, तिच्यावर पट्टीएवढीच प्लास्टिकची फूटपट्टी ठेवा आणि दोन्ही मिळून सावकाश बाहेर ढकला. कापडाचं टोक तिरक्या बाजूच्या रेषेत आलं की थांबा आणि बाहेर आलेली लांबी वाचा. पट्टी उलटी करून पुन्हा मोजा. दोन्ही पट्ट्यांचे दोन-दोन आकडे वहीत लिहा.

साधा आडाखा असा: टोक तीन-साडेतीन सेंटीमीटरच्या आतच रेषेला आलं, तर कापड पडणारं आहे. पाचाच्या पुढे गेलं, तर ताठ आहे. मधलं कापड मधलंच. त्याला दोन्हीपैकी एकही शब्द लावायचा नाही आणि बाजारातलं बरंचसं सुती कापड या मधल्या गटातच येतं. पाच-सहा ओळखीच्या कापडांवर मोजून पाहिलंत, की तुमच्या मालापुरत्या या सीमा तुम्हीच नक्की कराल. होजिअरीचं, म्हणजे टी-शर्टसारखं कापड यात मोजू नका. त्याच्या कडा वळतात आणि वळलेली पट्टी खोटी ताठ दिसते.

दुसरं माप वजनाचं. दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा सोनाराच्या काट्यावर ठेवा आणि जितके ग्रॅम येतील त्याला शंभरने गुणा. ते झालं एका चौरस मीटरचं वजन, ज्याला व्यापारी जीएसएम म्हणतात. तुकडा एक ग्रॅम भरला तर शंभर जीएसएम. हा आकडा पुढे फ्लुइडच्या वेळी कामी येतो.

क्रिस्प

मराठीत आपण कोऱ्या नोटेला आणि कोऱ्या साडीला करकरीत म्हणतो. क्रिस्प वाचणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात तेच असतं. या शब्दातून त्याला तीन गोष्टी कळतात. घडी धारदार पडेल आणि टिकेल. कापड अंगाला चिकटणार नाही, थोडं दूर उभं राहील. आणि हालचाल केली की हलकी सळसळ ऐकू येईल. यातली दुसरी गोष्ट आपल्याकडच्या मे महिन्यात फार मोलाची आहे. कापड अंगापासून सुटं राहिलं की मधून हवा खेळते. लग्नसराईसाठी साडी शोधणारी बाई ‘क्रिस्प’ वाचून याच कारणाने थांबते.

पण हा ताठपणा येतो कुठून, हे पाहिल्याशिवाय शब्द लिहू नये. तो दोन ठिकाणांहून येतो आणि दोन्हींचं आयुष्य वेगळं असतं.

एक ताठपणा धाग्यातलाच असतो. तसर घ्या. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा हा धागा तुतीच्या रेशमापेक्षा जाड, चपटा आणि असमान असतो. कोशातला डिंकही चिवट असतो, पूर्ण निघत नाही. म्हणून तसर मुळातच थोडं उभं राहणारं कापड आहे. भरपूर पीळ दिलेल्या धाग्याचं, घट्ट विणलेलं कापडही असंच ताठ राहतं. ऑर्गंडीच्या तर सुती कापडावरच आम्लाची प्रक्रिया झालेली असते, त्यामुळे तिचा ताठपणा धुऊन जात नाही.

दुसरा ताठपणा खळीचा. मागावर धागा तुटू नये म्हणून खळ लागतेच आणि विक्रीआधी कापड भरीव दिसावं म्हणून कधी वरूनही कांजी दिली जाते. दुकानात असं कापड हातात घेतलं तर अगदी करकरीत. एका-दोन धुण्यांत ते लोळागोळा होतं. गिऱ्हाइकाला वाटतं, फसवलं. विणकराने काही फसवलेलं नसतं, वर्णन लिहिणाऱ्याने खळीला कापडाचा गुण समजून लिहिलेलं असतं.

हे ओळखायचं कसं? त्याच पट्ट्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, बोटांनी हलक्या चोळा, सावलीत वाळवा, कोरडी इस्त्री करा, तासभर ठेवा आणि पुन्हा मोजा. आकडा जवळपास तितकाच राहिला, तर ताठपणा धाग्याचा आहे, क्रिस्प लिहा. चौथा भाग किंवा त्याहून जास्त उतरला, तर तो खळीचा आहे. मग लिहायचं: “कोरी असताना करकरीत, धुतल्यावर मऊ होत जाते. ताठ हवी असल्यास कांजी घाला.” हे वाक्य लिहायला लोक कचरतात, पण रोज सुती नेसणाऱ्या बायकांना नेमकी अशीच साडी हवी असते. विणकराला थेट विचारलंत तरी चालेल. “काका, वरून खळ किती दिली?” एवढ्या प्रश्नावर बहुतेक जण नीट सांगतात. तरी पट्टी भिजवाच. तयार सूत आणलेलं असेल, तर त्यात काय आहे हे विणकरालाही ठाऊक नसतं.

एक भानगड हवामानाची. रेशीम आणि सूत दोन्ही हवेतली ओल पितात. खळ तर जास्तच. तीच पट्टी मेमध्ये ताठ आणि ऑगस्टच्या झडीत ढिली वाटते. सगळा माल एकाच मोसमात मोजा. नाहीतर पावसाळ्यात मोजलेलं तसर आणि उन्हाळ्यात मोजलेली खादी यांची तुलना चुकते.

करवतीच्या साडीवर करून पाहू

विदर्भातल्या करवती साडीत मधलं अंग तसरचं आणि काठ सुताचा असतो, त्यावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. काठाचा रंग अंगात उतरू नये म्हणून दोन काठांसाठी दोन आणि अंगासाठी एक, असे आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात. म्हणजे एका साडीत दोन स्वभावांची कापडं शेजारी-शेजारी असतात. वर्णन लिहिणाऱ्यांच्या हातून हेच निसटतं.

समजा पट्ट्यांवर असे आकडे आले: अंगाची उभ्या धाग्याची पट्टी सहा, आडव्याची सात, काठाची चार. भिजवून वाळवल्यावर अंगाचे आकडे साडेपाच आणि साडेसहा, काठाचा तीन.

अंग धुण्याने फारसं उतरलं नाही, तेव्हा तिथला ताठपणा तसरचा स्वतःचा. काठ मात्र चारवरून तीनवर आला, म्हणजे नेमका चौथा भाग. काठात खळ होती. नव्या साडीचा काठ खाली छान उभा दिसेल आणि धुतल्यावर तो अंगापेक्षा मऊ पडेल. सूत आणि तसर धुण्यात सारखेच आकसतील याची खात्री नसते. काठ जास्त आकसला तर त्याच्या कडेने बारीक चुण्या येतात. म्हणून भिजवलेला तुकडा सपाट टेबलावर ठेवून काठ आणि अंग जिथे जुळतात ती रेषा डोळ्याजवळ धरून पाहा. तिथे लाट दिसली, तर वर्णनात “फक्त ड्रायक्लीन” लिहायलाच हवं.

आता उभ्या आणि आडव्या आकड्यांचं काय करायचं? साडीची लांबी म्हणजे उभा धागा आणि नेसल्यावर तो कमरेभोवती आडवा जातो. निरी घातली की घडीवर वाकतो तो हाच धागा. म्हणून निऱ्या बसणार की फुगणार, हे उभ्या धाग्याच्या पट्टीवरून कळतं. आपल्या साडीत तो आकडा सहा, धुतल्यावर साडेपाच. म्हणजे निऱ्या धारदार पडतील, पण पहिल्यांदा नेसताना पोटापाशी थोड्या उभ्या राहतील. पुढून फुगते ही तक्रार येते ती इथूनच. निऱ्या घालून बोटांनी दाबून घेतल्या आणि आतून एक पिन लावली, की त्या बसतात. हा उपाय वर्णनातच लिहावा. आडव्या धाग्याचा आकडा सांगतो तळाचा घेर कसा दिसेल. कमरेपासून घोट्यापर्यंत उभा जाणारा धागा हाच. तो सात आहे, म्हणजे निऱ्या खाली सरळ उतरतील, पायांत लोळणार नाहीत.

पोताबद्दल एक वाक्य लागतं. “टेक्स्चर्ड” लिहिलं तर गिऱ्हाइकाला काही म्हणजे काहीच कळत नाही. तसरमध्ये धागा मधेच जाड, मधेच बारीक असतो. बोट फिरवलं की दाणे लागतात आणि उजेडाकडे धरलं की आडव्या तुटक रेघा दिसतात. हेच लिहा. नाहीतर ही वीण गिऱ्हाइकाला दोष वाटते. आणि कृपा करून तसरला “सिल्की” म्हणू नका. त्या शब्दाने वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुतीच्या रेशमाची गुळगुळीत चकाकी येते. तसरची चमक दबलेली, मधाच्या रंगाची असते.

मग वर्णन असं होतं:

“हातमागावरची करवती साडी. अंग तसरचं, काठ सुताचा. कापड क्रिस्प आहे: निऱ्या धारदार पडतात, खाली सरळ उतरतात आणि साडी अंगाला चिकटत नाही. पहिल्यांदा नेसताना निऱ्या थोड्या उभ्या राहतील, दाबून आतून पिन लावा. धाग्यात जाड-बारीकपणा आहे, हाताला दाणेदार लागतो. तो तसरचा स्वभाव आहे, दोष नाही. काठ नवेपणी कडक, पुढे मऊ होतो. ड्रायक्लीन करा.”

यात फॅशनचा एकच शब्द आहे आणि त्याच्या पुढेच त्याचा अर्थ सांगितला आहे. तो काढला तरी वर्णन उभं राहतं. वर्णन खरं आहे की नाही, हे पाहायची ही सोपी रीत आहे: फॅशनचा शब्द झाका आणि बाकीचं वाचा.

फ्लुइड

फ्लुइड म्हणजे जे कापड अंगाबरोबर पडतं आणि पावलाबरोबर हलतं. गिऱ्हाईक यातून वाचतं: शरीराचा आकार दिसेल, घेर फुगणार नाही, चालताना कापड मागे राहून मग हळूच येऊन मिळेल. क्रेप, सॅटिन, मोडाल, चांगलं व्हिस्कोस ही या शब्दाची कापडं.

इथे वजनाचं माप लागतं. पट्टीवर शिफॉन आणि क्रेप दोन्ही लवकर वाकतात, पण अंगावर सारखी वागत नाहीत. शिफॉनला वजनच नसतं, ते वाऱ्यावर उडतं. त्याला झुळझुळीत म्हणा, फ्लुइड नको. फ्लुइड कापडाला खाली ओढणारं वजन हवं. मऊ असूनही शंभर जीएसएमच्या बरंच खाली असलेलं कापड बहुधा उडणारं निघतं, पडणारं नाही. पंख्याखाली तुकडा धरला की फरक लगेच दिसतो. शिफॉन आडवं होतं, क्रेप डोलून परत येतं.

पडण कापण्यावरही अवलंबून असते. पॅरिसच्या फॅशन डिझायनर माडलेन व्हिओने यांनी 1920 आणि 30च्या दशकांत झगे कापडावर 45 अंशांत तिरके कापून शिवले. तिरक्या दिशेला उभे-आडवे धागे एकमेकांवर सरकू शकतात, म्हणून तेच कापड जास्त ओघळतं. आपल्या शिलाईकाम करणाऱ्या बायका ज्याला उरेबमध्ये कापणं म्हणतात, ते हेच. बचत गटाने सुती कापडाचा स्कर्ट उरेबात कापला असेल, तर पट्टीही उरेबात कापून मोजा. सरळ पट्टीचा आकडा तिथे लागू होत नाही. उरेबातला तळ काही दिवसांत लोंबून वाकडा होतो, म्हणून शिवलेला नग एक रात्र टांगून मगच तळ दुमडावा. न टांगता पाठवलेल्या स्कर्टचा एक कोपरा पुढे खाली उतरतो आणि चूक “फ्लुइड” या शब्दाच्या माथी येते.

उकाड्यात दमट दिवशी फ्लुइड कापड घामाने अंगाला चिकटतं, कृत्रिम धाग्याचं तर जास्तच. पॉलिस्टर क्रेपच्या वर्णनात “उन्हाळ्यासाठी उत्तम” लिहायचा मोह आवरा.

हँगरवरच्या फोटोत फ्लुइड दिसत नाही. हा शब्द लिहायचा असेल, तर कुणाला तरी आठ-दहा पावलं चालायला लावून बाजूने व्हिडिओ घ्या. त्यात कापड पायाबरोबर हलताना दिसलं नाही, तर शब्द काढा.

स्ट्रक्चर्ड

हा शब्द कापडाचा नाहीच, तो शिवणीचा आहे. स्ट्रक्चर्ड म्हणजे अंगात नसतानाही ज्याचा आकार टिकतो ते वस्त्र. म्हणून साडी कधीच स्ट्रक्चर्ड नसते, ती कितीही ताठ असो. गिऱ्हाईक या शब्दातून वाचतं: खांदा ढळणार नाही, कॉलर पडणार नाही, पोट थोडं झाकलं जाईल आणि माप चुकलं तर वस्त्र माफ करणार नाही. शेवटचं फार महत्त्वाचं. स्ट्रक्चर्ड लिहिलं, की छाती, खांदा आणि लांबी अर्ध्या इंचापर्यंत अचूक द्यावी लागते.

कापड या कामात मदत करू शकतं. 1958मध्ये झुरिकच्या अब्राहम कंपनीने फॅशन डिझायनर बालेन्सियागा यांच्यासाठी गझार नावाचं रेशमी कापड काढलं. ते इतकं ताठ होतं की आतला आधार कमी ठेवूनही झगा हवेत उभा राही. आपल्याकडे मात्र आकार येतो तो बकरम, आतून इस्त्रीने चिकटवायचं फ्यूजिंग, अस्तर, टिपा आणि प्रिन्सेस कटातून.

वर्ध्याच्या खादीचं बिनबाह्यांचं जॅकेट तपासायचं असेल, तर ते उलटं करा. कॉलरमध्ये, पुढच्या पट्टीत आणि खांद्याच्या शिवणीपाशी चिमटीत कापड धरा. आत आणखी एक थर जाणवतो का? तिन्ही ठिकाणी असेल तर स्ट्रक्चर्ड. फक्त कॉलरमध्ये असेल तर “ताठ कॉलरचं, बाकी सैल जॅकेट” असं लिहा. मग बटणं लावून टेबलावर उभं करून सोडा. कॉलर आणि खांदे जागेवर राहिले पाहिजेत, बाकीचं खाली बसलं तरी चालेल.

बिघडतं ते बहुधा फ्यूजिंगमुळे. खादी पहिल्या धुण्यात आकसते, फ्यूजिंग तितकं आकसत नाही आणि पुढच्या पट्टीवर फोड आल्यासारखे फुगे उठतात. इस्त्री पुरेशी गरम नसली किंवा नुसती फिरवली, दाबून धरली नाही, तरी फ्यूजिंग सुटतं. यावर उपाय कापायच्या आधीचा आहे. खादी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग बेतायची. ते केलेलं नसेल, तर एक जॅकेट धुऊन पाहा. पट्टीवर फुगे आले, तर त्या मालाच्या वर्णनातून स्ट्रक्चर्ड शब्द काढा आणि “धुऊ नका, ड्रायक्लीन करा” हे पहिल्या ओळीत आणा. फुगे न आलेला माल वेगळा ठेवून त्याचं वर्णन वेगळं लिहा. एकाच नावाखाली दोन्ही माल गेला, की परत आलेल्या पार्सलांवरून दोष कुठल्या थानाचा होता हे शोधता येत नाही.